जळालेल्या गाठींची नोटीस

मेहकरच्या एका जिनिंग कंपनीत मी हिशेबनीस होतो. आमच्या गोदामात एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठी जळाल्या आणि त्याची कोर्टात जायची नोटीस आली. मॅनेजरांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. "दम नाही तिच्यात. ताळेबंदात काऊन दाखवायची?"

आमच्या वकिलाने निकाल कसाही लागेल असं कळवलं, म्हणून ऑडिटर ताळेबंदाखाली नुसती टीप टाकणार होते. मग सवयीने त्यांनी माझ्याकडची जावक पत्रांची नक्कलवही मागितली. तिच्यात वर्ष संपण्याआधीचं मॅनेजरांचं त्या व्यापाऱ्याला लिहिलेलं पत्र निघालं: चूक आमची, निम्मी भरपाई देतो. ऑडिटरांनी निम्म्याची तरतूद नफ्यातून काढायला लावली आणि टीप उरलेल्या निम्म्यापुरती ठेवली.

"तुले नक्कल करायले कोणं सांगतलं बे?" मॅनेजर ओरडले.

मी वही पुढे केली. पत्राच्या कोपऱ्यात त्यांचाच शेरा होता: नक्कल ठेवावी.