चौदाव्या स्लाइडचा आवाज

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे सेफ्टीबाई म्हणत. तोंडावर 'मॅडम', पाठीमागे सेफ्टीबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींचं तिला काही वाटत नसे. पॅकिंगच्या लाइनवर खोकी बांधता बांधता तिने रात्रीच्या वर्गातून डिप्लोमा केला होता. सुरक्षा विभागात आली तेव्हा तो विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि ती स्वतः.

नव्या कामगारांचा वर्ग ती एकटीच घेई. बावीस स्लाइड्स पडद्यावर चालत आणि सेफ्टीबाई पडद्यासमोर चाले. स्लाइडवर चार ओळी असल्या तर तिच्या तोंडी चाळीस असत. कोणी जांभई दिली की त्यालाच उभं करून अग्निशामक कसा धरायचा ते विचारी. वर्ग एका तासाचा ठरलेला होता, पण तो दीड तासाच्या आत कधी आटोपला नाही.

हे मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यांवर आलं. कंपनीने आणखी दोन कारखाने उघडले होते आणि बाई एकच होती. साहेबांनी फर्मान काढलं की त्याच स्लाइड्सचा आवाजासह व्हिडिओ करायचा, बारा मिनिटांत बसवायचा, आणि स्क्रिप्ट बाईंनीच लिहायची. व्हिडिओ झाला की वर्ग बंद. तिला मनातून वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यासाठी कोणी पगार देत नाही, हेही तिला कळत होतं.

तिने कागदावर चार रकाने आखले: स्लाइड क्रमांक, वेळ कितीपासून कितीपर्यंत, पडद्यावर काय दिसेल, आवाज काय बोलेल. व्हिडिओवाल्याने सांगितलं होतं की मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द धरा, त्याहून जास्त कोंबलेत तर ऐकणाऱ्याला धाप लागेल. पहिल्यांदा तिने मनातल्या मनात वाचून वेळ मोजली आणि बारा मिनिटांत बसलं म्हणून खूश झाली. मोठ्याने वाचलं तेव्हा साडेसतरा मिनिटं झाली. डोळे धावतात, जीभ चालते, हे तिला आधी सुचलं नव्हतं.

मग घरी तालीम सुरू झाली. नवरा ट्रकवर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. घरात धाकटा दीर होता. त्याला याच कारखान्यात चिकटवण्याची तिची खटपट नुकतीच फळाला आली होती. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उभी राहून वाचे आणि दीर मोबाइलवर घड्याळ लावून बसे. लांबली की तो बोट वर करी आणि ती तिथेच खोडे. काय खोडायचं याचा तिने सोपा नियम केला: स्लाइडवर लिहिलेलं ठेवायचं, तोंडचं पदरचं काढायचं. चार-पाच दिवसांत अकरा मिनिटं पन्नास सेकंद झाले. तोवर दिराला अख्खी स्क्रिप्ट तोंडपाठ झाली होती. भाजी निवडताना तो भाड्याच्या निवेदकासारखा आवाज काढून म्हणे, "स्लाइड चौदा. सहा मिनिटं दहा सेकंद ते सहा पन्नास. अडकलेला पुठ्ठा काढण्यापूर्वी." आणि दोघं हसत.

व्हिडिओ तयार झाला. साहेबांनी पाहिला आणि 'झकास' म्हणाले. पहिल्या तुकडीला दाखवायचं ठरलं, आणि त्या तुकडीत दीर होता. व्हिडिओनंतर प्रत्येकाने मशीनवर एकदा करून दाखवायचं, एवढा भाग तिने हट्टाने ठेवून घेतला होता.

चिकटवण्याच्या मशीनच्या रोलरमध्ये मेंटेनन्सच्या फोरमनने मुद्दाम पुठ्ठा अडकवून ठेवला. दीर पुढे झाला. भिंतीवरच्या पॅनलवर एकसारखे दोन स्विच होते, शेजारी शेजारी. त्याने एक बंद केला, दुसऱ्या कोणी तो चालू करू नये म्हणून त्याला कुलूप घातलं, आपल्या नावाची पट्टी लावली, किल्ली खिशात टाकली. एकही पायरी चुकली नाही. तिला अभिमान वाटला. मग तो मशीनकडे वळला, रोलरवरची जाळी उघडायला त्याने हात घातला.

"भावजी, हात मागे घ्या," ती म्हणाली. "आधी चालूचं बटण दाबा."

त्याने गोंधळून तिच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. मशीन सुरू झालं. रोलर फिरले आणि तो पुठ्ठा सरसर आत ओढला गेला. त्याने कुलूप शेजारच्या मशीनच्या स्विचला घातलं होतं.

फोरमनने लाल बटण दाबून मशीन थांबवलं. दिराचा चेहरा उतरला होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी, मी सगळं स्क्रिप्टप्रमाणेच केलं."

ते खरं होतं आणि तेच तिच्या छातीत रुतलं. वर्गात चौदावी स्लाइड आली की ती बोलायची थांबे. हवेतच बटण दाबल्यासारखं करी, मशीन हलत नाही ना हे पाहिल्यासारखी उभी राही, मग बंदचं बटण दाबल्यासारखं करून म्हणे, आता घाला हात. स्लाइडवर चारच ओळी होत्या: बंद, कुलूप, पट्टी, किल्ली. पाचवी ती स्वतः होती. तोंडचं पदरचं काढताना तिने तीच काढून टाकली होती, आणि समोर घड्याळ धरून दीर बसला होता.

संध्याकाळी दोघं घरी जेवायला बसली. ताट उचलताना दिराने विचारलं, "तुम्ही तिथे होतात म्हणून ठीक. दुसऱ्या कारखान्यांत कोण असणार आहे?"

तिला त्याचा राग आला नाही, स्वतःचा आला.

दुसऱ्या दिवशी तिने चौदावी स्लाइड पुन्हा लिहिली. पडद्यावर हात चालूचं बटण दाबतो. आवाज नाही. दहा सेकंद मशीन तसंच उभं दिसतं. मग हात बंदचं बटण दाबतो. व्हिडिओवाला फोनवर कुरकुरला, म्हणाला दहा सेकंद आवाज नसला तर लोकांना वाटेल व्हिडिओ अडकला. ती म्हणाली, वाटू द्या. साहेबांनी विचारलं, बारा मिनिटांत हे बसवणार कुठे? तिने पहिल्या स्लाइडवर बोट ठेवलं. त्यात खुद्द साहेबच खुर्चीत बसून पस्तीस सेकंद सगळ्यांचं स्वागत करत होते. साहेबांनी टाय नीट केला, खिडकीबाहेर पाहिलं आणि 'बरं' म्हणाले. पॅनलवरचे स्विच मात्र त्यांनी त्याच दिवशी दोन रंगांत रंगवून घेतले.

पुढच्या तुकडीच्या वेळी ती शेडमध्ये गेलीच नाही. बाहेर काचेपाशी उभी राहिली, आतून दिसणार नाही अशी. तिथून ओरडली असती तरी आत ऐकू गेलं नसतं, आणि तिला तेच हवं होतं.

लाइनवर नवीन लागलेली एक बाई पुढे झाली. स्विच बरोबर निवडला. कुलूप, पट्टी, किल्ली. मग मशीनजवळ गेली आणि चालूचं बटण दाबलं. मशीन हललं नाही. फोरमन मानेनेच 'झालं' म्हणाला, तरी ती बाई दोन्ही हात पाठीमागे घेऊन तशीच उभी राहिली, व्हिडिओत मशीन जेवढा वेळ उभं होतं तेवढा वेळ. मग तिने बंदचं बटण दाबलं आणि जाळी उघडली.