भूमितीच्या खुणांचा तक्ता

माझी वहिनी चांदवडकडची. नववी झाल्या झाल्या लग्न होऊन नाशिकला आली, आणि पदरात दोन मुलं असताना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसली. सगळे विषय एका झटक्यात सुटले, गणित तेवढं राहिलं, तेही भूमितीमुळे. तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं; तेव्हा दहावीवरच डी.एड.ला प्रवेश मिळायचा. पण प्रवेशाला वयाची अट होती, आणि पुढच्या वर्षी तिचं वय त्या अटीत बसत नव्हतं. म्हणजे मार्चची परीक्षा ही शेवटचीच.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. "सगळी भूमिती करत बसलीस तर बुडशील," मी तिला दटावलं. "परीक्षक काही नवीन उदाहरणं शोधत बसत नाहीत. पुस्तकातलीच फिरवून फिरवून घालतात. ती कोणती, एवढंच आपण शोधायचं."

रविवार कारंजाजवळच्या रद्दीवाल्याकडून मी, अकरावीची मॅट्रिक बंद होऊन आलेल्या नव्या दहावीच्या, भूमितीच्या दहा प्रश्नपत्रिका मिळवल्या, पाच मार्चच्या आणि पाच ऑक्टोबरच्या. मोठ्या तपकिरी कागदावर रेघा आखल्या. डावीकडे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या उदाहरणसंग्रहातले क्रमांक, वरती परीक्षा. प्रश्नपत्रिकेतलं उदाहरण पुस्तकात सापडलं की त्या घरात लाल खूण. चार दुपारी खपून तक्ता झाला. ज्यांना एकही खूण नाही अशा निम्म्याहून जास्त उदाहरणांवर मी ऐटीत काट मारली. वहिनीने तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आणि पोळ्या लाटता लाटता खुणांची उदाहरणं पाठ करू लागली.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना तिने मला हाक मारली. हातात ऑक्टोबरची एक प्रश्नपत्रिका, समोर पुस्तक.

"वन्सं, हे पुस्तकातलं उदाहरण तुम्ही काटलंय. पण पेपरात तेच हाय की."

मी बघितलं. पुस्तकात वर्तुळाची त्रिज्या दहा, जीवा सोळा, आणि केंद्रापासून जीवेचं अंतर काढायचं. पेपरात त्रिज्या तेरा, अंतर पाच, आणि जीवा काढायची.

"हे वेगळं आहे, वहिनी. आकडे वेगळे, विचारलंयही वेगळं."

"आकृती काढा बरं."

मी तणतणत आकृती काढली. केंद्रातून जीवेवर लंब टाकला, तो जीवेचे दोन सारखे भाग करतो, मग पायथागोरस. एकीकडे सहा, दुसरीकडे अर्धी जीवा बारा, म्हणजे पूर्ण चोवीस. दोन्हीकडे तोच काटकोन त्रिकोण. माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार.

"मला शब्द कुठं लय समजतात?" वहिनी हसत म्हणाली. "मी आधी चित्रच बघते."

मी शब्द, अक्षरं आणि आकडे जुळवत बसले होते. पुस्तकातला एबीसी त्रिकोण पेपरात पीक्यूआर झाला की माझ्या लेखी ते नवं उदाहरण. परीक्षेला तीन आठवडे उरले होते, आणि मी तिची नेमकी हवी ती उदाहरणं काटून ठेवली होती. मला रडूच कोसळलं.

"रडता काय? नवा कागद आणा," ती म्हणाली.

या वेळी तक्ता तिने केला. पेपरातल्या प्रत्येक प्रश्नाची आकृती काढायची, उत्तर शोधताना कोणतं प्रमेय लागतं ते बघायचं, मग पुस्तकात तीच आकृती हुडकायची. मी नुसती लाल पेन्सिल धरून बसले. मी काटलेल्या कितीतरी उदाहरणांना दोन-दोन, तीन-तीन खुणा पडल्या. सर्वांत जास्त, चार खुणा, त्या लंब-जीवेलाच.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होते. वहिनी बाहेर आली तशी मी तिच्या हातातला पेपर ओढलाच. लंब-जीवा आलीच नव्हती. जास्त खुणांच्या उदाहरणांपैकी जेमतेम दोन आली होती. बाकीची आम्ही खूणसुद्धा न केलेली.

"वहिनी, सगळं फुकट गेलं गं!"

"फुकट कसं? खुणा शोधायला सगळी उदाहरणं बघावी लागली की. प्रत्येकाची आकृती काढलीय मी." तिने पदराने घाम पुसला. "एकच सुटलं नाय. बाकी सगळी सोडवली."

मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला, आणि स्वतःचा इतका राग आला, की मी तिला रस्त्यातच मिठी मारली.

निकालात वहिनी पास झाली. डी.एड.चा अर्ज भरताना वयाच्या रकान्यापाशी ती थांबली, बोटांवर महिने मोजले, वय लिहिलं आणि शाई सुकेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसली. वयाची अट ओलांडायला एकोणीस दिवस बाकी होते.