सदतिसाव्या पेपरमधला एक दिवस

प्रकल्प व्यवस्थापन शिकवणाऱ्या मॅडमची पद्धत कुणाला लवकर पटत नसे. वर्गात बावन्न जण, तर पेपरही बावन्न. कामं तीच, त्यांचा क्रमही तोच, पण कुठल्या कामाला किती दिवस, ते प्रत्येक पेपरात निराळं. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्यांची पार पंचाईत. वर बावन्न उत्तरं मॅडम स्वतः हातानं सोडवत. वीस वर्षांत एक आकडा चुकला नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटत नसे.

पेपर दाखवायच्या दिवशी वर्गातलीच, बांधकामावर मुकादम असलेली एक विद्यार्थिनी आली. दोन गुणांनी नापास, म्हणजे बढती हुकली.

"मॅडम, कुठं चुकलं तेवढं सांगा. पुढच्या वेळी नाही चुकणार."

मॅडमनी खडू उचलला. "तुझा सदतिसावा पेपर. आधी पाया, तीन दिवस. मग दोन वाटा एकदम सुरू. भिंती पाच आणि छप्पर चार. दुसरीकडे नळाचे चर दोन, नळजोडणी सात. दोन्ही संपल्या की रंग, दोन दिवस. सगळ्यात लांब वाट तोच क्रिटिकल पाथ. तीन, पाच, चार, दोन. चौदा. नळाची वाट तेरा. म्हणून चर एक दिवस लांबले तरी काम लांबत नाही. तू लिहिलंस, लांबेल."

"हो, मॅडम."

खडू नळांकडे वळला. तीन, दोन, सात, दोन. मॅडम थांबल्या. पुन्हा मोजलं. चौदा. दोन्ही वाटा चौदाच, सवड कुठंच नाही. छत्तिसाव्याशी उत्तर जुळू नये म्हणून त्यांनी शेवटच्या क्षणी नळजोडणीचे सहाचे सात केले होते, स्वतःच्या उत्तरसूचीत मात्र जुनंच उत्तर राहिलं होतं.

वर्गात दहा-बारा जण बसले होते. फळा पुसून गप्प बसता आलं असतं. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चूक माझी.' मग लगोलग दुरुस्तीचा अर्ज खरडला, विभागप्रमुखांना जेवणावरून उठवून सही घेतली आणि निकालातल्या दुरुस्त्या बंद व्हायच्या आत परीक्षा कार्यालय गाठलं. मुकादम मागे धावत होती.

गुण वाढल्याचा कागद तिच्या हातात देताना मॅडम चिडल्याच, "बरोबर होतीस, मग भांडली का नाहीस?"

"सगळे सांगतात, मॅडमचं उत्तर चुकत नाही. मला वाटलं, मलाच येत नाही."

ते वाक्य मॅडमना फार लागलं. पुढच्या सत्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी सदतिसावा पेपर आणि स्वतःचं जुनं उत्तर फळ्यावर मांडलं आणि नव्या वर्गाला म्हणाल्या, "हे माझं उत्तर चुकलंय. शोधा, आणि माझ्याशी भांडा."