राखून ठेवलेल्या शेवया

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमच्या खामगावकडचा बीटी कापूस पोखरला, त्याच वर्षी आमच्या शेवयांच्या पाकिटात अळी निघाली. एका गिऱ्हाइकानं व्हिडिओ टाकला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाला. ‘बोंडातली अळी आता शेवयांत!’ असं कोणीतरी खाली लिहिलं होतं. मला कानकोंडं झालं. विनोद चांगला होता, म्हणून जास्तच राग आला.

कारखाना ताईचा, हिशेब आणि फोन माझ्याकडे. मी त्याच संध्याकाळी घाईघाईनं निवेदन लिहून जाहीर केलं: तक्रार मिळाली आहे, गिऱ्हाइकाची क्षमा मागतो. कारण अजून कळलेलं नाही. त्या बॅचची विक्री थांबवली आहे, त्यातली नमुना म्हणून राखून ठेवलेली पाकिटं प्रयोगशाळेत पाठवतो, उद्या संध्याकाळी पुन्हा कळवू. दोष कोणावर ढकलला नव्हता, त्यामुळे मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

पॅकिंगच्या बायकांना मेसेज सकाळी उठून टाकला. व्हिडिओ पुढे पाठवू नका, खाली उत्तरं देऊ नका, विचारणाऱ्याला माझा नंबर द्या, त्या बॅचला हात लावू नका.

कारखान्यात पोचले तर फरशी लखलखीत, राखीव पाकिटांचं कपाट धुऊन पुसून उघडं. बायकांच्या पुढारी काकू ओला फडका घेऊन उभ्या.

“शेवया कुठं गेल्या?”

“म्हशीले चारल्या. पहाटंच येऊन साफ केलं आमी.”

“काऊन पण?”

“लाज वाटली ना बाई. कोनी तपासाले आलं अन् अळ्या दिसल्या तं काम जाईन. यंदा कापूस तं गेलाच, आता हेच हाये. तुमचा मेसेज आमी पुसून राह्यलो तवा आला.”

पाव्हणा येणार म्हटलं की आमच्याकडे आधी घर सारवतात. ‘कोणाचं काम जाणार नाही’ हे एक वाक्य मी आदल्या संध्याकाळी पाठवलं असतं, तर कपाट तसंच राहिलं असतं. मी आधी जगाला सांगितलं आणि घरच्यांना मागून.

ताई म्हणाली, “राहू दे ते निवेदन तसंच. कोणाला कळतंय?”

मला मात्र ते ‘राखून ठेवलेली’ डोळ्यांत खुपत होतं. नवं निवेदन लिहिलं आणि या वेळी आधी बायकांना वाचून दाखवलं. कोणाचंही काम जाणार नाही, हे पहिलं सांगितलं. मग वाचलं: “राखीव पाकिटं आमच्याकडे उरलेली नाहीत. ती आम्हीच नष्ट केली. ही आमची चूक आहे.”

काकूंनी विचारलं, “आमी म्हंजे मी बी?”

“हो. मीसुद्धा.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “लिहा मंग. फक्त गावाचं नाव नका टाकू.” मग आपणच खाली बघत म्हणाल्या, “पन ते तं पाकिटावर हायेच.”