सव्वीस फुटांतून वजा केलेली खोली

मुलाने नव्या घराच्या नकाशाचा स्क्रीनशॉट मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिले : बाबूजी, टाइल्सचा हिशेब करून ठेवा. तो नागपूरला नोकरीत. घर आमच्या गावी, आमगावजवळ, जुन्याच जागेवर. भिंती उभ्या झाल्या होत्या, स्लॅब पडला होता. मी पाटबंधारे खात्यात मोजणीत आयुष्य काढले, म्हणून हे काम माझ्याकडे आले. पैसा त्याचा होता.

पत्नी शेजारी येऊन बसली. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा डावा पाय उचलत नाही, घसटत येतो. जुन्या घरातल्या उंबरठ्यांनी तिला दोनदा पाडले होते. नव्या घराकडून तिची अपेक्षा एकच होती.

"आपल्या खोलीतबी तेच फरशी ना जी? सारं एकसारखं पायजे. उंच-खाल नोको."

मी होय म्हटले. मागची खोली आमची, असे पाया भरतानाच ठरले होते.

स्क्रीनशॉट उजवीकडे कापला गेला होता. बैठक, दोन शयनगृहे, स्वयंपाकघर यांची मापे स्पष्ट होती. आमची खोली मात्र अर्धीच दिसत होती. खोली स्वयंपाकघराला लागून, म्हणून लांबी त्याच्याइतकीच, दहा फूट सहा इंच. रुंदीचा आकडा कापलेल्या भागात गेला होता.

तो काढता येतो. नकाशाच्या माथ्यावर घराची बाहेरून बाहेर रुंदी होती : सव्वीस फूट. बाहेरच्या दोन भिंती नऊ-नऊ इंचांच्या, मधली सहा इंचांची. मिळून दोन फूट. उरले चोवीस. स्वयंपाकघराचे तेरा वजा केले की अकरा. अकरा गुणिले साडेदहा, म्हणजे एकशे साडेपंधरा चौरस फूट. कटाई-तुटीसाठी दहा टक्के धरले की एकशे सत्तावीस. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा एक डबा, सोळा फुटांचा. आठ डबे.

गोंदियाच्या दुकानात मालकाने तोच स्क्रीनशॉट पाहून कॅल्क्युलेटरवर दहा पॉइंट सहा दाबले.

"दहा फूट सहा इंच म्हणजे साडेदहा," मी म्हणालो. "फुटाचे इंच बारा असतात."

"अरे काकाजी, दो-चार टाइल जादा झाले तर काय बिघडते? घर तर बेटेका है."

त्याच्यासमोरच मी मुलाला फोन लावला आणि खोलीवार डबे सांगितले. शेवटी आमच्या खोलीचे आठ.

"ती कुठून धरली, बाबूजी? तेवढा भाग मी मुद्दाम कापून टाकला होता ना."

"रुंदी मी काढली. अकरा फूट."

"रुंदीचा प्रश्न नाही. खर्च बजेटच्या पुढे चालला आहे. तिथं सध्या काँक्रीट राहू द्या. पुढे बघू."

"तुझी आई त्या खोलीत राहणार आहे."

"तुम्हाला टाइल्सची सवय तरी कुठे आहे?"

दुकानदाराने ऐकले असावे. त्याने आठाचा आकडा खोडला आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो घेतला नाही.

घरी पत्नीला सांगितले. माझ्या पेन्शनमधून आठ डबे येतील, हेही सांगितले.

"काऊन? त्याच्या घरात आपण आपली फरशी घेऊन जावाची? लोकं काय म्हणतीन? आणाल तर मी त्यावर पाय नाही ठेवणार."

ती शब्दाची पक्की आहे. डबे आले नाहीत.

टाइल बसते ती नुसत्या काँक्रीटवर नाही. खाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर घालतात. थर आणि टाइल मिळून दोन इंच. सगळे घर दोन इंच वर आले. आमची खोली होती तिथेच राहिली. स्वयंपाकघराच्या दारात टाइल संपते आणि खाली उतरावे लागते. दोन इंच मला कळतही नाहीत.

वास्तूच्या दिवशी पंगत उठली आणि पत्नी खोलीकडे निघाली. मुलाने बैठकीतून पाहिले.

"आई, सांभाळून! तिथं पायरी आहे."

ती दाराची चौकट धरून उतरली. वर येताना चौकट पुरली नाही, म्हणून तळवा भिंतीला टेकला. तेव्हापासून दिवसातून कितीदा तरी टेकतो. साऱ्या घराला पांढरा रंग आहे. त्या एका जागी तो काळवंडला आहे. सून मागच्या सुट्टीत तो डाग ओल्या फडक्याने पुसत होती. निघाला नाही.

स्क्रीनशॉट अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. पायरी त्यात नाही.