काकूंनी सांगितलेला डबा

सणाच्या भेटी निवडायचं काम कारखान्यात कुणालाच नको असायचं. जितकी माणसं तितकी तोंडं! म्हणून ते घोंगडं वर्षानुवर्षं स्टोअरवाल्या काकांच्या गळ्यात पडायचं. काका नमुने आणून घरी काकूंपुढे मांडायचे, कारण खरी पारख काकूंची.

काकू सुकामेव्याच्या पेटीतला कप्पा नखाने उचलायच्या. "बघा, खाली नुसता पुठ्ठा! बडा घर पोकळ वासा. दुकानदार तुम्हाला बनवतो हो." मिठाई त्या खोक्याबाहेर काढून तोलायला लावायच्या. आणि शेवटी दरवर्षी एकच सांगायच्या, "त्यापेक्षा स्टीलचा चांगला डबा द्या. खव्याची मिठाई चार दिवसांत विटते. रजेवरच्या माणसाने काय करायचं? डबा रोज लागतो."

"त्यावर कंपनीचं नाव कोरायला आठवडा, निम्मे पैसे आगाऊ, आणि झाकण गळलं तर शिव्या मला! नसता उपद्व्याप कुणी सांगितलाय?" असं म्हणून काका मिठाईच मागवायचे.

यंदा काकू नव्हत्या. उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेल्या.

मालकांनी माणशी पाचशे ठरवले, तेही करासकट. काकांनी सवयीने तिन्ही नमुने घरी आणले, टेबलावर मांडले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दाखवायचं कुणाला? तरी बसले. मेव्याचा कप्पा नखाने उचलला. खाली पुठ्ठा होताच. मिठाई तोलली. खोकं वजा केल्यावर अर्धा किलो कुठली भरायला! मग डब्यात पाणी भरलं, झाकण लावलं आणि तो उलटा धरला. एक थेंब पडला नाही.

"घ्या, गळत नाही," ते मोठ्याने म्हणाले. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून त्यांना रडू फुटलं. एकदा, निदान एकदा तरी तिचं ऐकायला काय झालं होतं?

त्यांनी डब्यांचीच ऑर्डर दिली.

वाटपाच्या दिवशी कुणी कुरकुरलं नाही. पॅकिंगमधल्या बायका तर झाकणं उघडून बघत होत्या. "काका, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाची वस्तू दिलीत!" काका हसले, पण ते हसणं चेहऱ्यावर टिकेना.

शेवटचा डबा त्यांच्या वाट्याचा. गेटवरचा रखवालदार महिन्याभरापूर्वीच लागलेला, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! काकांच्या हातातला डबा बघून तो म्हणाला, "झकास आहे हो! काकूंना म्हणावं, उद्यापासून यातच भरून द्या."

"सांगतो," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी तो घासला, पुसला आणि ओट्यावर, काकू रोज भरायला मांडायच्या तिथे, उघडून ठेवला. सकाळी ते उठून स्वयंपाकघरात आले, तेव्हा डबा तसाच होता.