मागच्या वर्षांचा कर

मी सांगलीतल्या एका अनुदानित शाळेत शिकवतो. लागलो तेव्हा संस्थेनं नेमणूक दिली, पण शिक्षण खात्याची मान्यता मिळाली नाही. मान्यता नाही म्हणजे सरकारी पगार नाही. संस्था हातावर टेकवेल ते मानधन घ्यायचं आणि रोज खडू हातात धरून "आज ना उद्या" म्हणायचं. असली वर्षं जावयाला शोभत नाहीत. बायको काही बोलायची नाही, पण सासरच्या लग्नाकार्यात मी पंगतीच्या टोकाला बसायचो.

त्या वर्षांत आम्हाला जगवलं ते आक्कानं. आक्का माझी थोरली बहीण, तासगावजवळ दिली आहे. घरची थोडी द्राक्षबाग होती, शिवाय हंगामात ती दुसऱ्यांच्या शेडवर बेदाणा निवडायला जायची. दिवसभर खाली बसून निवडायचं, त्यानं तिचे गुडघे गेले. त्या मजुरीतून ती माझं घरभाडं भरायची आणि वर म्हणायची, "तुजं मंजूर हुदे, मग माज्या गुडघ्याचं बघू की." म्हणताना हसायची. मीही हसायचो. पण डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून झालं होतं, आणि ते कशाच्या भरवशावर थांबलंय हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी मान्यता आली, तीही मागच्या तारखेपासून. चालू पगार सुरू झाला आणि थकीत वर्षांचं बिल वर गेलं. ते निघालं ऐन मार्चमध्ये, सगळ्या वर्षांचं एकदम. एवढा पैसा एकाच वर्षात जमा झाल्यावर मी कराच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये जाऊन पडलो. ज्यानं जन्मात कधी कर भरला नाही, त्याच्याकडून खात्यानं साखर कारखान्याच्या चेअरमनला लावतात तो दर लावून कापून घेतला. साधारण पाचातला एक वाटा गेला.

आमच्या शाळेचे क्लार्क म्हणाले, "सर, घाबरू नका. ही थकबाकी आहे, कलम एकोणनव्वदची सवलत मिळते. आधी कळलं असतं तर इथंच कमी कापला असता, पण मार्चएंडला कुणाला वेळ आहे? आता पोर्टलवर आधी टेन-ई फॉर्म भरा आणि मगच रिटर्न भरा. फॉर्म न भरता रिटर्नमध्ये सवलत मागाल तर नामंजूर होते."

हे मला एप्रिलमध्येच कळलं होतं. इथं जरा थांबतो, कारण पुढचं सांगायला जीभ वळत नाही.

आक्काचा फोन आला. "आलं का रं तुजं?"

त्याच आठवड्यात आम्ही एक फ्लॅट बघून आलो होतो. बायकोनं बाल्कनीत तुळस कुठं ठेवायची ते ठरवलंसुद्धा होतं. मी म्हणालो, "आलं गं, पण निम्मं इन्कमटॅक्समध्ये गेलं."

निम्मं. पाचातला एक वाटा मी बोलता बोलता निम्मा करून टाकला, तोही गणिताचा मास्तर असून.

"मुडदा बशिवला त्येंचा," आक्का म्हणाली. "राबायचं तू आन खायाचं त्येनी. ऱ्हाऊ दे रं, माजं गुडघं काय पळून चालल्यात व्हय? पोरांचं बघ तू."

जुलैत मी आधी टेन-ई भरला, मग रिटर्न. गणपती झाल्यावर कापलेल्यातला बराचसा कर माझ्या खात्यात परत आला. मी आक्काला फोन केला नाही. आज करू, उद्या करू. फ्लॅटची बोलणी काही कारणानं मोडली होती, म्हणजे पैसे होते आणि सबबही उरली नव्हती. तरी केला नाही. एकदा निम्मं म्हटलं की आता काय म्हणायचं, हे मला सुचेना. खरं सांगायचं तर सुचावं असं मला वाटतही नव्हतं.

दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी दार वाजलं. आक्का होती. एकटीच एस्टीनं आली होती, दोन जिने चढून. कठड्याला धरून उभी, घामानं डबडबलेली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "आरं, ते पैसं परत मिळत्यात!"

तिच्या दिराचा कुणी ओळखीचा निवृत्त मास्तर. ही त्याच्यापुढं माझी कैफियत मांडत होती, तेव्हा त्यानं तिला सवलतीचं सांगितलं. "कसलं तरी फारम हाय म्हनं. तुज्या फोनवर पटत न्हाई मला, तू उद्या-उद्या करनार. माज्यादेखत भर."

बायको पोरांना घेऊन बाजारात गेली होती. मी लॅपटॉप उघडला. का उघडला? नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. पोर्टल उघडलंच नाही, कोरा कागद घेतला आणि हिशेब मांडत बसलो, जणू पहिल्यांदाच मांडतोय.

"हे बघ आक्का. यंदाचा कर थकबाकी धरून किती, न धरता किती, त्यातला फरक हा. आता ज्या-त्या वर्षाची थकबाकी ज्या-त्या वर्षात घालायची, तेव्हाच मिळाली असती असं समजून. त्या वर्षांचा कर किती वाढला असता ते बघायचं. तो कमी निघाला तर जेवढा कमी, तेवढी सवलत."

"मंजी तवाचं तवाच्या सालात."

"हो."

"मग घे की. पयल्या साली तुजं काय उत्पन्न हुतं?"

मी मानधनाचा आकडा सांगितला. तिनं मान हलवली. "त्या साली पोरीला कावीळ झालती. मिरजंला ठेवलंती." पुढचं साल. "त्या साली मालकानं खोली सोडा म्हनून सांगितलं, तवा मी आलती." ती मला काही ऐकवत नव्हती. हिशेबाला मदत करत होती बिचारी, मला साल नीट आठवावं म्हणून. प्रत्येक वर्षाला मी माझं उत्पन्न म्हणून एक केविलवाणा आकडा लिहीत होतो, आणि त्या आकड्यात आम्ही चौघं कसे जगलो हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

तिसऱ्या वर्षाला माझं पेन पुढं जाईना.

"आक्का, फॉर्म भरलाय मी."

"कवा?"

"जुलैत. पैसेही आलेत. गणपती झाल्यावरच." आणि बाहेर पडलंच आहे म्हणून उरलेलंही सांगितलं, "निम्मं कधीच गेलं नव्हतं."

तिनं तो कागद माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "आरं, मी गावभर सरकारला शिव्या घातल्या रं. माज्या भावाचं खाल्लं म्हनून."

बास, एवढंच. शिव्या मला घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात मिरजेला डॉक्टरांची वेळ घेतो, सगळा खर्च माझा. तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता नगं. आता दिलंस तर मी जिनं चढून मागाय आल्यागत हुतंय. मी मागाय न्हवती आली."

चहा घेऊन ती साडेचारच्या गाडीनं गेली. त्यानंतर मी दोनदा तासगावला जाऊन आलो. ती जेवू घालते, पोरांची चौकशी करते, गुडघ्याचा विषय काढला की उठून आत जाते. उठताना भिंतीला धरते.

पैसे मी बँकेत तिच्या ऑपरेशनसाठी म्हणून वेगळे ठेवलेत. खातं माझ्या नावावर आहे, त्यामुळं रिटर्न भरताना त्याचं व्याज दाखवावं लागतं. यंदाही दाखवलं, माझं उत्पन्न म्हणून.